बारा आणि तीनचे गजर आधी बंद करा

ताई, माझा मुलगा ३ वर्षं २ महिन्यांचा आहे. दिवसाची शू-शी तो अडीच वर्षांचा असल्यापासून सांगतो, जूनपासून नर्सरीतही जातो. महिन्यापूर्वी सासूबाई म्हणाल्या, "एवढा मोठा झाला, आता रात्रीचा डायपर काढ." काढला. रात्री १२ आणि ३ चा गजर लावून मी त्याला उठवते आणि बाथरूममध्ये नेते. १२ वाजता तो किंचाळतो, मला ढकलतो. डोळे उघडे असतात पण मला ओळखत नाही. सासूबाईंनी दोनदा दृष्टही काढली. एवढं करून आठवड्यातल्या चार-पाच रात्री गादी भिजतेच, आणि या पावसात ती वाळत नाही. पूर्वी साडेनऊला झोपणारा मुलगा आता साडेदहापर्यंत "शू झाली तर?" असं विचारत जागा राहतो. दिवाळीत रातराणीने माहेरी कोकणात जायचंय, त्याची आत्तापासून धास्ती आहे. माझं काय चुकतंय?
— एक आई, नाशिक

आज रात्रीपासून दोन्ही गजर बंद करा आणि डायपर परत घाला. सासूबाईंना काय सांगायचं ते पुढे येतंच, पण सुरुवात इथून. तुमच्या घरात झोपेचा प्रश्न आणि गादीचा प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आधी झोप सोडवली की गादीचं काम निम्मं हलकं होतं. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही हातचे जातात, आणि सध्या तेच चाललंय.

दिवसाची शू मूल शिकतं. कळ येते, ती ओळखायची, थोडं धरायचं, सांगायचं, चड्डी काढायची, हे सगळं जागेपणी होतं आणि सरावाने जमतं. रात्री मूल झोपलेलं असतं, तेव्हा सराव कुणाकडून करून घेणार? रात्र कोरडी जायला शरीरात तीन गोष्टी पिकाव्या लागतात. एक म्हणजे रात्री लघवी कमी तयार व्हायला हवी. त्यासाठी मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन रात्री जास्त सुटावं लागतं. दुसरं, मूत्राशय रात्रभराची लघवी मावेल एवढं मोठं व्हायला हवं. तिसरं, ते भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचून मूल जागं व्हायला हवं. या तिन्ही गोष्टी आपापल्या वेळेला येतात. कुणाच्या अडीच वर्षांत जुळून येतात, कुणाच्या सहाव्या वर्षी. पाच वर्षांच्या शंभर मुलांमध्ये साधारण पंधरा मुलं तेव्हाही अंथरूण ओलं करत असतात, म्हणून पाचव्या वर्षाच्या आधी डॉक्टर याला दुखणं म्हणतच नाहीत. तुमचा लेक तीनचा आहे.

यात घराण्याचाही मोठा वाटा असतो. आई-बाबांपैकी एकजण लहानपणी बरीच वर्षं गादी ओली करत असेल, तर मुलाला तसं होण्याची शक्यता साधारण चाळीस टक्के. दोघंही करत असतील तर सत्तरच्या वर. तेव्हा सासूबाईंना निवांत वेळी एक प्रश्न विचारा: "तुमचा मुलगा कितव्या वर्षी कोरडा झोपायला लागला?" हा प्रश्न मी ओपीडीत आज्यांना नेहमी विचारते. बऱ्याचदा त्या आधी हसतात, मग मुलाकडे बघतात, आणि मुलगा मान खाली घालतो. पुढचा वाद तिथेच संपतो.

"आमच्या वेळी वर्षाची पोरं लंगोटाशिवाय झोपायची" हे त्या खोटं सांगत नाहीत. पण तेव्हा बाळाला पायांवर बसवून तोंडाने "श्श्श" करणारी आजी, आत्या, काकू असं कुणी ना कुणी दिवसभर हाताशी असायचं. शिकलेली असायची ती मोठी माणसं. बाळाची चुळबुळ दिसली की ती उचलायची. रात्री बाळ आईच्या कुशीत, खाली दुपटं, दुपट्याखाली जुनी गोधडी. भिजलं की आई झोपेतच दुपटं ओढून दुसरं सरकवायची. कोरड्या-ओल्या रात्री मोजत कुणी बसत नव्हतं. बारा हजारांची फोमची गादीही नव्हती, जी भिजली की आख्खं घर जागं होतं.

आता त्या किंचाळण्याबद्दल. दृष्टीचा त्यात काही दोष नाही. या वयाचं मूल झोपल्यावर पहिले दोन-तीन तास सर्वांत गाढ झोपेत असतं. साडेदहाला झोपलेल्या मुलाला बाराला उभं केलंत, तर त्याचं शरीर उठतं आणि मेंदूचा मोठा भाग झोपलेलाच राहतो. म्हणून डोळे उघडे, पण ओळख नाही. तो तुम्हाला ढकलतो ते त्याला कळतही नसतं, आणि सकाळी काही आठवत नाही. अशा अवस्थेत बाथरूममध्ये झालेली शू ही झोपेत झालेलीच शू असते. गादीवर झाली नाही एवढाच फरक. त्यातून मेंदू काही शिकत असेल तर इतकंच की गाढ झोपेत लघवी सोडली तर चालते, आपल्याला उभं करणारं कुणीतरी आहे.

शिवाय हिशेब करून बघा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. तुमचा लेक साडेदहाला झोपतो. नर्सरीसाठी तो साडेसहाला उठत असेल, तर झाले आठ तास. मधल्या दोन उठवण्यांत प्रत्येकी अर्धा तास गेला, की उरले सात. दुपारी तास-दीड तास झोपला तरी साडेआठच्या पुढे गाडी जात नाही. झोप अशी तुटायला लागली की मिळेल ती झोप मूल आणखी गाढ घेतं, आणि झोप जितकी गाढ तितका मूत्राशयाचा निरोप कमी पोचतो. म्हणजे कोरडं राहावं म्हणून तुम्ही उठवताय आणि उठवण्याने तो जास्त भिजतोय. माझ्या मते तुमचं चुकलं असेल तर एवढंच, आणि ते बहुतेक घरांत चुकतं.

म्हणून पहिले तीन आठवडे फक्त झोपेसाठी ठेवा. डायपर परत घालताना "तुला जमलं नाही ना, आता घाल" असा सूर नको. "तुझं पोट रात्री शू धरायला अजून शिकतंय, तोवर ही रात्रीची चड्डी" इतकं पुरे. ओढून घालायचे पँटसारखे डायपर मिळतात. तो त्याला स्वतः घालू द्या. निजायची वेळ पुन्हा साडेनऊवर आणा, पण एका दिवसात नको. दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. गजर बंद केल्यावरही पाच-सहा रात्री तो सवयीने तीनच्या सुमाराला जागा होईल. तेव्हा जवळ बसा, हात ठेवा, पण "शू आली का?" असं स्वतःहून विचारू नका. त्याने मागितली तर न्या, नाहीतर गप्प राहा. हे विचारणं बंद झालं की निजतानाची "झाली तर?" ही धास्तीही ओसरते. उत्तर आता साधं आहे: झाली तर रात्रीची चड्डी आहे.

हे चालू असताना दिवसाच्या पाण्याकडे बघा. रात्रीच्या ओलीची खरी दुरुस्ती दिवसा होते. नर्सरीतून पाण्याची बाटली कशी परत येते? बहुतेक मुलांची जवळजवळ भरलेली येते. मग घरी आल्यावर तहान, संध्याकाळी खेळून आल्यावर तहान, जेवताना पाणी आणि वर झोपताना पेलाभर दूध. दिवसभराचं सगळं पाणी सहा ते साडेनऊत पोटात जातं आणि मध्यरात्री बाहेर येतं. पाणी तोडू नका, ते सरकवा. त्याला दिवसाकाठी दूध-ताक धरून साधारण लिटरभर पातळ हवं असेल, तर त्यातलं ८०० मिली संध्याकाळी पाचच्या आत जाऊ द्या: सकाळी उठल्यावर पेलाभर, डब्याबरोबर अर्धी बाटली, घरी आल्याबरोबर दोन पेले. रात्रीच्या जेवणात उरलेलं. निजायच्या दीड तास आधीपासून घोट-दोन घोटच. तहान लागलेल्या मुलाला पाणी नाकारायचं मात्र नाही.

दुधाच्या पेल्यावरून घरात रागावणी होईल याची मला कल्पना आहे. दूध बंद करायचं नाही, जेवणाबरोबर सात-साडेसातला द्यायचं आहे. दुधातली प्रथिनं आणि क्षार बाहेर टाकायला मूत्रपिंडाला जास्त पाणी लागतं, म्हणून निजताना प्यायलेलं दूध निजताना प्यायलेल्या पाण्यापेक्षा महाग पडतं. रात्रीच्या खिचडीबरोबरचं पापड-लोणचं, वेफर्स यांनीही तहान वाढते. आणि आजोबांच्या बशीतला संध्याकाळचा चहा, तो मात्र सरळ बंद.

फरक पडतोय का, हे कळायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. कोरडा डायपर एकदा मोजून ठेवायचा, सकाळचा ओला मोजायचा आणि वजाबाकी करायची. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलीलीटर लघवी. मुलाच्या मूत्राशयात साधारण किती मावतं याचा ढोबळ हिशेब असा: वयात एक मिळवायचा आणि तिसाने गुणायचं. तीन वर्षांच्या मुलाला (३ + १) × ३०, म्हणजे १२० मिली. माझ्याकडे साडेतीन वर्षांची एक मुलगी यायची, तिच्या आईने असं आठवडाभर लिहून आणलं होतं. डायपर कोरडा ३५ ग्रॅमचा आणि सकाळी २७० ते २९० ग्रॅम, म्हणजे रात्री अडीचशे मिलीच्या आसपास लघवी. तिच्या वयाला मावतं १३५. जवळजवळ दुप्पट! तिला कितीही वेळा उठवलं असतं तरी ती कोरडी कशी राहणार होती? दूध साताला आणलं, दुपारचं पाणी वाढवलं, तर तीन आठवड्यांत आकडा १६० ते १८० वर आला. त्यानंतरही डायपर अडीच महिने राहिला, पण कोरड्या सकाळी दिसायला लागल्या, आधी आठवड्याला एक, मग तीन. तुमच्या काट्यावर आकडा आधीपासूनच शंभर-सव्वाशेच्या आत असेल, तर लघवी जास्त होत नाहीये. मूत्राशय किंवा जाग यांना वेळ हवा आहे, आणि मग पाण्याच्या मागे फार लागू नका.

दुसरी तपासणी शीची. मुलं रोज शी करतात म्हणून आई-वडील निर्धास्त असतात, पण खडे पडत असतील, करताना कुंथावं लागत असेल, शी एवढी जाड की फ्लशने जात नाही, किंवा चड्डीला अधूनमधून डाग असतील, तर आतडं भरलेलं आहे. भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयावर दाबतं, त्यात मावतं कमी आणि ते अवेळी आवळतं. बद्धकोष्ठ गेल्यावर रात्री आपोआप कोरड्या झालेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. पेरू, पपई, भिजवलेले मनुके, भाजी-वरणाबरोबर भरपूर पाणी, आणि नाश्त्यानंतर दहा मिनिटं पाय टेकतील अशा पाटावर पाय ठेवून बसवणं. दोन आठवड्यांत फरक नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडून औषध घ्या; घरच्या एरंडेलाचे प्रयोग नकोत.

निजताना शू दोनदा होऊ द्या. एकदा दात घासायच्या आधी, आणि गोष्ट सांगून झाल्यावर दिवा मालवायच्या आधी पुन्हा एकदा. पहिल्या वेळी मुलं घाईत असतात आणि अर्धं आत ठेवतात. तुमची बाथरूम पॅसेजच्या टोकाला असेल, तर अंधारात तिथवर जायची भीती हे कितीतरी मुलांच्या ओल्या गादीचं साधं कारण असतं. पलंगाशेजारी पॉटी ठेवा, पिवळसर मंद दिवा ठेवा.

आता डायपर पुन्हा कधी काढायचा? इथे एक गंमत आहे. अनेक मुलं रात्रभर कोरडी असतात आणि सकाळी जाग आल्यावर लोळत-लोळत डायपरमध्ये शू करतात, आणि आपण समजतो रात्रभर भिजला. म्हणून तो उठायच्या दहा मिनिटं आधी हात लावून बघा. गार आणि जड असेल तर रात्रीचं. कोरडा असेल, किंवा उठल्यावर बघितलं तर गरम आणि नुकताच ओला, तर रात्र कोरडी गेली आहे आणि फक्त उठल्याबरोबर पॉटीवर बसवण्याची सवय लावायची आहे. कॅलेंडरवर खूण करत चला. सात सकाळींपैकी पाच कोरड्या, असे सलग दोन आठवडे गेले की काढा. त्याआधी नको.

काढायच्या रात्री गादी अशी घाला: सगळ्यात खाली मेणकापड, त्यावर चादर, त्यावर ड्राय शीट, त्यावर पुन्हा चादर. रात्री भिजलं तर वरची चादर आणि ड्राय शीट एकदम ओढून काढायची, खाली अंथरूण तयारच. कोरडी चड्डी उशाशी. मोठा दिवा लावायचा नाही, चर्चा करायची नाही. "ओलं झालं, बदलू" एवढे तीन शब्द, तीन मिनिटं, आणि झोप. सकाळी ओल्या चादरी बादलीत टाकायला त्याची मदत घ्या, पण शिक्षा म्हणून नाही. कोरड्या रात्रीला चॉकलेट ठरवू नका. झोपेत जे हातात नाही त्याचं बक्षीस द्यायचं, म्हणजे ओल्या रात्री ते काढून घेण्यासारखंच आहे. त्यापेक्षा निजायच्या आधी दोनदा शूला बसला, याचं कौतुक करा, ते त्याच्या हातातलं आहे. दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त रात्री ओल्या गेल्या तर गाजावाजा न करता डायपर परत, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू. आत्ता भिजलेल्या गादीवर आधी गार पाण्याने टिपून घ्या, खाण्याचा सोडा भुरभुरवा, तासाभराने झाडा आणि पंख्याखाली उभी करा. गरम पाण्याने वास बसतो.

एवढ्यावर डॉक्टरांकडे जायची गरज नाही. पण अचानक खूप तहान लागून सारखी शू व्हायला लागली आणि वजन उतरलं, तर त्याच दिवशी जा. रक्तातली साखर तपासावी लागते. शू करताना जळजळ किंवा ताप, बारीक धार किंवा थेंब-थेंब, दिवसाही चड्डी कायम ओलसर, रोज घोरणं आणि तोंडाने श्वास, कमरेच्या मधोमध खळगा किंवा केसांचा झुपका, किंवा सहा महिने कोरडा राहून पुन्हा भिजायला लागणं, यांतलं काहीही असेल तर दाखवा. रात्री शीची जागा खाजवून उठत असेल तर जंतांचं औषध विचारा, झोप आणि शू दोन्ही बिघडवायला ते एकटे पुरतात. गादीत लावायचा अलार्म आणि शू रोखायच्या गोळ्या पाच वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी असतात. कुणी आत्ता सुचवल्या तर घेऊ नका.

आणि रातराणी. त्या रात्री डायपरच घाला, तोवर तो घरी कोरडा झोपायला लागला असला तरी. बस मिळेल तिथे थांबते, मुलाच्या शूच्या वेळेला नाही. "बसमध्ये सगळी लहान मुलं रात्रीची चड्डी घालतात" हे त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. निघायच्या आधी स्टँडवर शूला न्या. जेवणाच्या थांब्यावर मात्र झोपेतून उठवून नाही, जागा असला तरच न्या. माहेरी संडास अंगणापलीकडे असेल तर पॉटी सोबत न्या, आणि आईला फोनवर आधीच सांगा की सकाळी गादीला हात लावून बघत "झालं वाटतं!" असं कुणी म्हणायचं नाही. मामा लोकांना हे दोनदा सांगावं लागतं.